रविवारची "बदली" नेमकी कुणाच्या खिशात जाते?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण उमापूर आणि आसपासच्या गावांतली जी पोरं जिनिंगवर, कारखान्यावर, गोदामावर महिन्याच्या पगारावर आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. मालक मंडळींनीही वाचली तर बरंच.

कापसाचा हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंगला रविवार नसतो. गाड्या फाटकावर उभ्या राहतात, त्यांना सोमवारी या म्हणता येत नाही. हे मला मान्य आहे, आपण सगळे त्याच गाड्यांवर कापूस घालून नेणारे आहोत. माझं भांडण रविवारी काम करण्याशी नाही. त्या रविवारचं पुढे काय होतं, त्याच्याशी आहे.

हमाल रविवारी आला तर त्याला त्या दिवसाचे पैसे मिळतात. गाठीवर असो नाहीतर रोजानं, संध्याकाळी हिशेब होतो. पण काट्यावर बसणारा क्लार्क, स्टोअरवाला, फिटर यांना म्हणतात, "तुला पगार आहे की! बदली सुट्टी घे नंतर." हे "नंतर" कधी, ते कुणी सांगत नाही. कागदावर तर काहीच नसतं. म्हणजे रोजंदारीवाल्याच्या रविवारला भाव आहे आणि पगारदाराचा रविवार फुकट, असा उलटा न्याय आपल्याकडे चाललाय.

आता कायदा बघू. 1948च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी 52व्या कलमात, बुडालेल्या सुट्टीची भरपाई 53व्या कलमात आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला 59व्या कलमात दिला होता. कलमं वेगळी होती, कारण ही दोन वेगळी देणी आहेत. एक देणं विश्रांतीचं: तुमची सुट्टी बुडाली, तर त्याच महिन्यात किंवा त्यापुढच्या दोन महिन्यांत तेवढ्याच सुट्ट्या द्यायच्या. दुसरं देणं तासांचं: आठवड्याला 48 तासांच्या वर काम झालं, तर वरच्या तासांना दुप्पट दर. 21 नोव्हेंबर 2025पासून नवी श्रमसंहिता लागू झाली, तिच्यातही दोन महिन्यांची मुदत आणि दुप्पट दर या दोन्ही गोष्टी ठेवल्या आहेत. बदली दिली म्हणून दुप्पट मोबदला संपला, असं त्यात कुठंही नाही.

हिशेबासाठी एक काटा क्लार्क धरा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 15,600 रुपये. कामाचे 26 दिवस धरले तर रोज 600, आठ तासांनी भागलं तर तासाला 75. सोमवार ते शनिवार आठ-आठ तास भरले की 48 झाले. रविवारचे आठ तास वरचे. त्यांचा दर दुप्पट, म्हणजे तासाला 150. एका रविवारचे झाले 1,200 रुपये. हंगामात असे 12 रविवार भरले तर 14,400. जवळजवळ महिन्याचा पगार. शिवाय 12 सुट्ट्या वेगळ्या.

प्रत्यक्षात काय होतं? मे महिन्यात, जिनिंगला काम नसताना, मालक म्हणतो जा, चार दिवस घरी बस. झाली बदली! ज्या दिवशी तुमची गरजच नव्हती, तो दिवस तुम्हाला सुट्टी म्हणून विकला. आणि हंगामी माणूस असेल तर होळीनंतर त्याचं कामच संपतं, मग राहिलेल्या सुट्ट्या कुणाकडं मागणार?

मालकाला 1948च्या कायद्यानं एक सरळ वाटही ठेवली होती, ती कुणी वापरली नाही याचं नवल वाटतं. रविवारच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत पूर्ण दिवस सुट्टी दिली, म्हणजे रविवारी काम आणि बुधवारी सुट्टी, तर ती खरी अदलाबदल. मग त्या रविवारचे तास जादा ठरत नव्हते आणि दुप्पटही लागत नव्हतं. अट एवढीच होती, की हे आधी ठरवून निरीक्षकाला कळवायचं, फलकावर लावायचं आणि माणसाला सलग दहा दिवसांपेक्षा जास्त राबवायचं नाही. दोन क्लार्क असतील तर आळीपाळीनं सहज जमतं. पण मग फलकावर नाव आणि तारीख लिहावी लागते, आणि खरी अडचण तिथंच आहे.

कारण लबाडी पकडायची जागाही तीच. हजेरी मस्टर बघा. रविवारच्या रकान्यात "सु" लिहिलेलं असतं. आणि त्याच रविवारच्या काटा पावत्या काढा. कॉम्प्युटरवरच्या पावतीवर तारीख आणि वेळ छापून येते, खाली सही त्याच क्लार्कची! मस्टर म्हणतं माणूस घरी होता, काटा म्हणतो सकाळी नऊपासून माणूस इथं बसलाय. पोरांनो, भांडू नका, पण रविवारची तारीख, आल्याची-गेल्याची वेळ एका वहीत रोजच्या रोज टिपून ठेवा. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या वहीला कुणी विचारत नाही.

आणि मालकहो, हे "सु" तुमच्याही अंगाशी येऊ शकतं. जिनिंगला आग लागणं नवीन नाही. रविवारी कुणी भाजलं, तर कागदावर तो माणूस त्या दिवशी तिथं नव्हताच. मग भरपाईचा दावा कशाच्या आधारावर सोडवणार?

काहीजण म्हणतील, आम्हाला पैसे नकोत, सुट्टीच हवी. बरोबर आहे. गव्हाला दिवसा लाइन असेल त्या दिवशीची सुट्टी 1,200 रुपयांपेक्षा महाग पडते. पण मग दिवस कोण ठरवणार, हा प्रश्न आहे. लाइन कधी आहे ते मालकाला ठाऊक नसतं. म्हणून सुट्टीची तारीख कामगारानं मागावी, मालकानं ती लेखी द्यावी आणि दोन महिन्यांत मिळाली नाही तर तिचे पैसे व्हावेत, असं मला वाटतं. शेवटचा भाग माझं मत आहे, कायद्यात शब्दशः तसा नाही. पण अमेरिकेत सरकारी नोकरांना जादा तासाबद्दल सुट्टी देता येते ती एका तासाला दीड तास, आणि नोकरी सोडताना शिल्लक सुट्टीचे पैसे द्यावे लागतात. खासगी मालकाला तर ओव्हरटाइमला पात्र कामगाराला पैशांऐवजी सुट्टी देताच येत नाही. आपल्याकडं एकास एकही हातात पडत नाही.

"तू सुपरवायझर आहेस, तुला ओव्हरटाइम नाही," हे वाक्यही खूप चालतं. हुद्दा काय लिहिलाय त्यावर नाही, काम काय करतो त्यावर ठरतं, ही कोर्टांची जुनी भूमिका आहे. दिवसभर पावत्या फाडणारा माणूस सुपरवायझर नाही.

दुकानांचं सांगतो. 20 किंवा जास्त कामगार असतील तर 2017चा दुकाने कायदा लागतो आणि जादा तासांना दुप्पट तिथंही आहे. पण गावात तीन माणसांच्या मेडिकलला, कृषी सेवा केंद्राला तो लागत नाही. तिथं बहुतेक मालकाची नियतच चालते.

रविवारची सुट्टी कुणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी वर्षानुवर्षं झगडून 10 जून 1890ला मुंबईच्या गिरणी मालकांकडून ती मिळवली. आपण शेतकरी काट्यावर दोन किलो कमी दाखवले तर गाडी आडवी लावतो. त्याच काट्यामागं बसलेल्या पोराचे बारा दिवस कमी भरतात, तेव्हा मात्र आपल्यातलेच लोक मला म्हणतात, "तुला काय करायचंय?"

या रविवारी ज्यांना बोलावलंय, त्यांनी जायच्या आधी एवढंच विचारा: बदली कोणत्या तारखेला, आणि ती फलकावर कधी लागणार?