सत्तर डेसिबलचा खोका आणि तळघरातला फोन

तळघरातल्या घरात फोन लागत नाही म्हणून सिग्नल बूस्टर घेऊ पाहणारा माणूस आधी खोक्यावरचा आकडा बघतो. साठ डेसिबलपेक्षा सत्तरवाला भारी, असं दुकानदारही सांगतो. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. हा आकडा जितका मोठा, तितका तो खोका तळघरासाठी निरुपयोगी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी घातक ठरण्याची शक्यता जास्त. घरात किती सिग्नल पोचणार हे खोक्यापेक्षा बाहेरचा अँटेना कुठे बसवला त्यावर ठरतं.

बारामतीतली एक तीन मजली इमारत डोळ्यांपुढे आणा, रस्त्याच्या पातळीखाली एक घर असलेली. गच्चीवर ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल उणे ८५ डीबीएम येतो, घराच्या जाळीच्या खिडकीशी उणे १०५ आणि आतल्या खोलीत उणे ११८, म्हणजे जवळपास नाहीच. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली हा आकडा बहुधा दिसतो. फोनवरच्या काड्यांपेक्षा तो जास्त खरा. उणे चिन्हापुढची संख्या जितकी लहान तितका सिग्नल चांगला, आणि दहाचा फरक म्हणजे दहापट. बूस्टरचं काम सरळ आहे. बाहेरचा अँटेना टॉवरचा सिग्नल पकडतो, खोका तो वाढवतो, घरातला छोटा अँटेना तो खोलीत सोडतो. फोनचा आवाज याच वाटेने उलटा टॉवरकडे जातो. ही उलटी वाट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही आणि खरी भानगड तिथेच आहे.

गच्चीपर्यंत वायर नेण्याचा खर्च नको किंवा सोसायटी परवानगी देत नाही, म्हणून बाहेरचा अँटेना खिडकीच्या जाळीला बांधला जातो. समजा घरातला अँटेना तिथून चार मीटरवर आहे. चार मीटर हवेत ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल सुमारे ४३ डेसिबल घटतो, मधल्या विटांच्या भिंतीत आणखी सहा-सात. म्हणजे दोन अँटेनांमध्ये जेमतेम ५० डेसिबलचा आडोसा आहे आणि खोका सिग्नल ७० ने वाढवतोय. घरातल्या अँटेनातून निघालेला सिग्नल बाहेरच्या अँटेनात शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा शिरतो. कीर्तनात माईक कर्ण्यासमोर आला की मंडपभर शिट्टी घुमते, तीच गत इथे होते. फरक एवढाच की ही शिट्टी कानाला ऐकू येत नाही, टॉवरला येते. ती टाळायची तर खोक्याची वाढ आडोशापेक्षा निदान १५ डेसिबलने कमी हवी. म्हणजे या खिडकीशी ३५ च्या वर जाताच येत नाही. आणि ३५ वर खोलीत काय मिळतं? बाहेरच्या अँटेनाची दहाची मदत धरूनही चार मीटरवर उणे १०१ च्या आसपास. खिडकीशी फोन नुसता धरला तरी उणे १०५ मिळतच होता. एवढ्यासाठी हजारो रुपये घालायचे का?

आता तोच अँटेना गच्चीवर, टॉवरच्या दिशेने लावा आणि वीस मीटर चांगली जाड वायर खाली आणा. तिच्यात तीनेक डेसिबल जातात. दुकानात मिळणारी बारीक वायर घेतली तर दहापर्यंत. मधले स्लॅब आणि उंची यांमुळे आडोसा ८० च्याही पुढे जातो. वाढ तीच, ३५ डेसिबल. खोलीत मात्र उणे ८३ च्या आसपास मिळतात. तोच खोका आणि तीच वाढ, पण नुसत्या जागेने साठपटीहून जास्त फरक पडला. सत्तरची गरज कुठेच लागली नाही.

आडोसा एवढा असेल तर गच्चीवरून ६५ किंवा ७० वर चालवायला काय हरकत, असं कुणी विचारेल. हरकत टॉवरची आहे. कुणी बोलत नसलं तरी खोका उलट्या वाटेने स्वतःची खरखर वाढवून टॉवरकडे पाठवत राहतो. टॉवर तीनशे मीटरवर आणि समोर दिसणारा असेल, तर ७० डेसिबलवर ही खरखर टॉवरच्या स्वतःच्या खरखरीच्या पंचवीसपट भरते. ३५ वर ती तिच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असते. म्हणूनच अमेरिकेच्या नियमांत टॉवर जितका जवळ तितकी वाढ आपोआप कमी करणं बंधनकारक आहे. कमाल मर्यादा बँडनुसार सुमारे ६५ ते ७२ आहे, आणि घुमणं सुरू झालं तर टॉवरकडची वाट ०.३ सेकंदात बंद पडावी लागते. आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त खोक्यांत असं काही आहे, यावर विसंबून राहू नये. शिवाय टॉवरच्या कानात खरखर भरली की आधी तुटतो तो सर्वांत लांबचा फोन. इंदापूरकडे उजनीच्या जलाशयाकाठी किंवा उसाच्या फडात उभा माणूस मोबाइलची सारी ताकद, म्हणजे फोर-जीवर पाव वॅटहूनही कमी, लावून लांबच्या टॉवरला गाठत असतो. त्याच टॉवरजवळच्या एखाद्या घरात खोका घुमत असेल तर त्याला टॉवरचा आवाज येतो, पण त्याचा आवाज टॉवरला जात नाही. काड्या दिसतात, फोन लागत नाही, आणि कारण कुणाला कळत नाही.

खोका घुमतोय हे ओळखण्याची खूण सोपी आहे. वाढ तीन-तीन डेसिबलने कमी करत जा. कमी केल्यावर फोन सुधारला, किंवा खोका बंद केल्यावर वरच्या मजल्यावरचे फोन नीट चालू लागले, तर तो घुमतच होता.

हे खोके ऑनलाइन उघड विकले जातात, मग बेकायदा कसे, असाही प्रश्न येतो. दूरसंचार विभागाने १ जुलै २०२२ च्या सूचनेत स्पष्ट सांगितलं आहे की परवानाधारक मोबाइल कंपन्यांखेरीज कुणीही असा बूस्टर बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदा आहे. विक्री दिसते म्हणून परवानगी मिळत नाही. परदेशातून आणलेला खोका तर बऱ्याचदा इथल्या बँडवर चालतच नाही. २३०० मेगाहर्ट्झवर आणि ३३०० च्या फाइव्ह-जीवर येणारा-जाणारा सिग्नल एकाच बँडवर आळीपाळीने चालतो, तिथे साधा खोका कुचकामी.

मग तळघरातल्या माणसाने करायचं काय? अडचण खरी आहे, रात्री डॉक्टरला फोन करावा लागतो, हे मला पूर्ण मान्य आहे. पण घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग हा आजच मिळणारा उपाय आहे. एअरटेलने तो डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केला. फोनच्या सेटिंगमध्ये तो चालू करायचा, आणि वीज गेल्यावर फोन तुटू नये म्हणून राउटरला छोटा यूपीएस जोडायचा. ब्रॉडबँडच नसेल तर कंपनीकडे लेखी तक्रार करा, सोबत गच्ची, खिडकी आणि खोली अशा तिन्ही ठिकाणचे डीबीएम आकडे द्या. कंपनीने तिचा रिपीटर बसवायचं ठरवलं तर येणाऱ्या तंत्रज्ञाला दोनच प्रश्न विचारा : दोन अँटेनांमधला आडोसा मोजला का, आणि वाढ त्यापेक्षा किती कमी ठेवली? दोन्ही उत्तरं आकड्यांत मिळेपर्यंत काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करू नका.