लेख कोणी तपासावा?

वाचकहो, एखाद्या शास्त्रज्ञाने शोधनिबंध लिहिला की तो लगेच छापून येतो, अशी तुमची समजूत असेल तर ती चुकीची आहे. आधी त्याच विषयातले दोन-तीन जाणकार तो निबंध तपासतात. त्यांना परीक्षक म्हणतात. हे काम ते बहुधा विनामूल्य करतात, आणि प्रत्येक जण फार तर पाच-सहा निबंध वाचू शकतो. निबंध थोडे असले तर संपादक कोणता निबंध कोणाकडे धाडायचा हे मनानेच ठरवतो. पण 2020 साली संगणकशास्त्राच्या न्यूरिप्स या एकाच परिषदेकडे नऊ हजारांहून अधिक निबंध आले होते. तेथे वाटणी संगणकाकडे सोपवावीच लागते. संगणकाला आपण नेमके काय सांगतो, याविषयी माझे थोडे मतभेद आहेत. ते कळण्यासाठी आधी वाटणी कशी होते ते पाहू या.

पेन्सिल घ्या आणि डाव्या बाजूला क, ख, ग असे तीन निबंध मांडा. प्रत्येकाला दोन परीक्षक हवेत. उजव्या बाजूला प, फ, ब, भ हे चार परीक्षक मांडा. प आणि फ प्रत्येकी दोन निबंध वाचतील, ब आणि भ प्रत्येकी एकच. म्हणजे सहा परीक्षणे हवीत आणि सहाच जागा आहेत. क आणि ख यांचा विषय प, फ, ब या तिघांना कळतो. ग चा विषय मात्र फक्त प आणि भ यांना कळतो.

आता पहिल्यापासून वाटत जा. क दिला प आणि फ यांना. ख सुद्धा प आणि फ यांनाच दिला. दोघांचे हात भरले. राहिला ग. तो भ कडे गेला, पण दुसरा परीक्षक कोठून आणायचा? प भरलेला आहे. ब रिकामा बसला आहे, पण त्याला तो विषय येत नाही. परीक्षक पुरेसे असूनही वाटणी अडली.

येथे पाण्याच्या नळांची कल्पना उपयोगी पडते. एका टाकीतून प्रत्येक निबंधाकडे दोन लिटरचा नळ न्या. निबंधाकडून, त्याचा विषय जाणणाऱ्या प्रत्येक परीक्षकाकडे एक लिटरचा नळ जोडा. परीक्षकाकडून शेवटच्या हौदाकडे जाणारा नळ त्याच्या मर्यादेएवढा, म्हणजे दोन किंवा एक लिटरचा. हौदात सहा लिटर पाणी पोचले की वाटणी पुरी झाली. लेखक आणि परीक्षक एकाच संस्थेतले असतील, तर त्यांच्यामधला नळ जोडायचाच नाही. असा जास्तीत जास्त प्रवाह शोधण्याची रीत लेस्टर फोर्ड आणि डेल्बर्ट फुलकर्सन या अमेरिकन गणितज्ञांनी 1956 साली प्रसिद्ध केली. (त्यांच्यापुढे तेव्हा निबंध नव्हते, रेल्वेचे जाळे होते!)

त्या रीतीची सारी गंमत एका युक्तीत आहे: आधी सोडलेले पाणी मागेही ढकलता येते. आपल्या उदाहरणात ग कडून प कडे पाणी सोडा. प भरलेला आहे, म्हणून क कडून आलेले एक लिटर पाणी परत क कडे ढकला. क ला ब कडे जाणारा मोकळा नळ आहे, तिकडे ते वळवा. झाले! आता क ला फ आणि ब, ख ला प आणि फ, ग ला प आणि भ मिळाले. सहाही जागा भरल्या. अर्धा लिटर पाणी इकडे आणि अर्धा तिकडे, म्हणजे अर्धा परीक्षक, अशी आपत्तीही येत नाही. सर्व नळांची मापे पूर्णांकी असली तर ही रीत पूर्णांकी प्रवाहच देते.

येथवर तक्रारीला जागा नाही. पण प्रत्यक्षात ‘विषय कळतो’ आणि ‘कळत नाही’ असे दोनच प्रकार नसतात. म्हणून प्रत्येक जोडीला गुण देतात. टोरांटो विद्यापीठात तयार झालेली एक प्रणाली परीक्षकाचे स्वतःचे जुने निबंध वाचून, त्यांतले शब्द नव्या निबंधातल्या शब्दांशी ताडून पाहते आणि गुण ठरवते. (‘प्रवाह’ हा शब्द नदीच्या अभ्यासकाच्या निबंधातही येतो आणि आपल्या या लेखातही, तेव्हा असे गुण कधी फसवेही असू शकतात.) मग संगणकाला सांगतात की, सर्व जोड्यांच्या गुणांची बेरीज जास्तीत जास्त होईल अशी वाटणी कर.

माझा आक्षेप या बेरजेला आहे. च आणि छ असे दोन निबंध घ्या, आणि त, थ असे दोन परीक्षक. प्रत्येक निबंधाला एकच परीक्षक हवा आणि प्रत्येक परीक्षक एकच निबंध वाचणार. च साठी त ला 10 गुण आहेत आणि थ ला 6. छ हा दोन शास्त्रांच्या सीमेवरचा निबंध आहे. त्यासाठी त ला 5 आणि थ ला अवघे 2. च दिला त ला आणि छ दिला थ ला, तर बेरीज 12 होते. उलट वाटले तर 6 आणि 5 मिळून 11. संगणक अर्थातच 12 ची वाटणी निवडतो. छ चा लेखक अशा माणसाच्या हाती पडतो, ज्याला त्याचा विषय जवळजवळ कळतच नाही.

ही काही क्वचित घडणारी गोष्ट नव्हे. नव्या किंवा आडवाटेच्या विषयाला सर्वांकडूनच कमी गुण मिळतात, म्हणून तो निबंध कोणाकडेही टाकला तरी बेरजेचे फारसे नुकसान होत नाही. एखाद्या वर्गाचे सरासरी गुण वाढवायचे म्हणून मागच्या बाकावरच्या मुलाकडे दुर्लक्ष करावे, तसाच हा प्रकार आहे. ज्या निबंधाला जाणकाराची गरज सर्वांत जास्त, त्याचाच बळी सर्वांत स्वस्त पडतो.

मग करावे काय? आधी किमान पातळी ठरवावी. समजा, ती 5 ठेवली. पाचांहून कमी गुणांचे सगळे नळ काढून टाका आणि पूर्ण प्रवाह वाहतो का ते पाहा. वाहिला तर पातळी 6 करा, पुन्हा पाहा. जेथे प्रवाह तुटतो त्याच्या आधीची पातळी कायम करा, आणि बेरीज वाढवायची ती त्या पातळीच्या आत. आपल्या उदाहरणात 5 ला प्रवाह वाहतो, 6 ला तुटतो. म्हणून 11 ची वाटणी निवडली जाते. बेरजेतला एक गुण गेला खरा, पण छ ला 2 ऐवजी 5 गुणांचा परीक्षक मिळाला.

प्रत्येक निबंधाला तीन-तीन परीक्षक असतील आणि त्या तिघांच्या गुणांची बेरीज कोणत्याही निबंधासाठी फार खाली जाऊ नये असे म्हटले, तर मात्र कोडे अतिशय अवघड होते. हजारो निबंधांसाठी त्याचे अचूक उत्तर झटपट काढणारी रीत कोणाला सापडलेली नाही. 2019 साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या आयव्हन स्टेलमाख, निहार शाह आणि आरती सिंग यांनी त्यावर जवळपासचे उत्तर देणारी रीत मांडली. तिच्यातही पातळी बदलत पुन्हा पुन्हा प्रवाहच काढावे लागतात.

काही जण म्हणतील, पातळी फार खाली आली तर या सगळ्याचा उपयोग काय? मला तर तेथेच खरा उपयोग दिसतो. 6 ची पातळी ठेवली तेव्हा छ चे दोन्ही नळ गेले आणि त्याच्याकडचे पाणी जागीच अडले. टंचाई नेमकी कोठे आहे ते यावरून कळते. संपादकाने अशा वेळी 2 गुणांवर समाधान मानू नये; छ साठी तिसरा परीक्षक शोधून त्याला पत्र पाठवावे.