मूर्ती ठरवताना तिचा तळ पाहा

गणपतीची मूर्ती ठरवायला कारखान्यात जाल तेव्हा मुखडा, डोळे, सोंडेची वळणे पाहून झाली की एक गोष्ट आणखी करा. मूर्तिकाराला विचारून मूर्ती जराशी कलती करा आणि तिचा न रंगवलेला तळ बघा. बोट ओले करून तिथे घासा. बोटाला करडा चिखल लागला तर मूर्ती शाडूची. बोटाला चिखल न लागता तळ पांढराच आणि टणक राहिला, टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, आतून काथ्याचे धागे दिसले, तर ती प्लास्टर ऑफ पॅरिसची. दुकानावर ‘इको फ्रेंडली’ अशी पाटी असली तरी ही परीक्षा घ्याच. पाटी लावायला पैसे पडत नाहीत.

हे आवाहन मुख्यतः तालुक्याच्या आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांसाठी आहे. मुंबई-पुण्यात कृत्रिम हौद आहेत, फिरते हौद आहेत, न्यायालयाचा डोळा आहे. आपल्याकडे आहे ते गावतळे, नाहीतर उन्हाळ्यात डबक्यावर येणारी नदी. आणि सगळ्यात जास्त नुकसान होते ते अशाच साचलेल्या पाण्याचे.

प्लास्टर म्हणजे भाजून दळलेला जिप्सम. त्यात पाणी घातले की अर्ध्या तासाच्या आत ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. मूर्तिकाराला ते का परवडते हे इथेच कळते. शाडूची मूर्ती साच्यात हाताने दाबून भरावी लागते, मग श्रावणातल्या दमट हवेत कित्येक दिवस सुकवावी लागते. वजनाला ती जड, धक्क्याला नाजूक. प्लास्टरची मूर्ती साच्यातून लगेच निघते, हलकी असते आणि ट्रकमध्ये एकावर एक रचली तरी टिकते. त्यामुळे मूर्तिकारांवर खापर फोडून काही होणार नाही. गिऱ्हाईक ऐन वेळी येऊन स्वस्त आणि मोठी मूर्ती मागणार असेल तर तो दुसरे काय देईल?

हा जिप्सम पाण्यात विरघळतो, पण फार थोडा: लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम. म्हणजे तीन किलोची मूर्ती पंधरा लिटरच्या बादलीत ठेवली तर तिच्यातले तीस-पस्तीस ग्रॅम विरघळतील आणि पुढे ते पाणी आणखी काही घेणारच नाही. मूर्ती महिनोन्महिने तशीच पडून राहते ती यामुळे. ‘विरघळत नाही म्हणजे पाण्यात काही उतरतही नाही’ असा सोयीचा अर्थ काही जण काढतात. तळ्याचा हिशेब करून पाहू.

समजा, गावतळे पन्नास मीटर लांब, चाळीस मीटर रुंद आणि भाद्रपदात सरासरी दीड मीटर खोल आहे. त्यात तीस लाख लिटर पाणी आहे. गावात आणि आसपासच्या वाड्यांवर मिळून हजार घरगुती मूर्ती, प्रत्येकी तीन किलोच्या. म्हणजे तीन हजार किलो जिप्सम, लिटरमागे एक ग्रॅम. एवढा जिप्सम हे पाणी सहज मुरवू शकते, फक्त त्याला वेळ लागतो. सगळा विरघळला तर लिटरमागे साधारण ५६० मिलिग्रॅम सल्फेट होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सल्फेटची मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ४०० पर्यंत चालवून घेतात. पाण्याची कठीणताही तेवढ्यानेच ५८० मिलिग्रॅमच्या आसपास वाढते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हे सगळे एका वर्षात होणार नाही हे खरे. पण पुढच्या भाद्रपदात आणखी हजार मूर्ती येतात, आणि मधल्या उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर येते तेव्हा विरघळलेले क्षार मागेच राहतात.

पुढची गोष्ट तळाच्या चिखलात घडते. निर्माल्य, पाने, फळे कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. प्राणवायू संपला की चिखलातले काही जिवाणू सल्फेटवर जगू लागतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. विसर्जनानंतर काही आठवड्यांनी तळ्याकाठी सडक्या अंड्यांचा वास येतो आणि काठीने ढवळले की काळाकुट्ट गाळ वर येतो, तो याच उद्योगाचा पुरावा. हा वायू माशांना विषारी आहे. वाहत्या नदीला पूर आला तर हे पुढे वाहून तरी जाते. तळ्यातून ते जाणार कुठे?

रंगाचे गणित याहून वाईट आहे. चकाकते पिवळे, केशरी, लाल असे स्वस्त औद्योगिक रंग शिसे आणि क्रोमियम यांच्या संयुगांतून मिळत आले आहेत. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा आहे, पण सुट्या पुडीतून किंवा बिननावाच्या डब्यातून आलेला रंग कोण तपासतो? पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असे मानक सांगते. या मापाने एक ग्रॅम शिसे एक लाख लिटर पाणी मर्यादेला नेऊन ठेवते.

रंगातले शिसे लगेच पाण्यात विरघळत नाही, बहुतेक सगळे गाळात बसते, त्यामुळे वरचे पाणी तपासले तर अहवाल बरा येऊ शकतो, आणि तो दाखवून लोक वाद घालतात. मग हा गाळ खाऊन जगणाऱ्या किड्यांत आणि त्यांच्यावर चरणाऱ्या माशांत ते जाते. शिवाय, ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत किंवा गावाने वर्गणी काढून तळे उपसले की तोच गाळ सुपीक म्हणून आपण ट्रॅक्टरने शेतात नेऊन पसरतो. शिसे कुजत नाही आणि उडूनही जात नाही.

म्हणून शाडूची मूर्ती घेतली आणि तिला तैलरंग मारला असेल तर अर्धेच काम झाले. मूर्तिकाराकडे गेरू, हळद, मुलतानी माती, काव अशा रंगांची मूर्ती मागा. ती कमी चकाकेल. नुसती माती, सोवळे-उपरणे खऱ्या कापडाचे आणि कपाळी गंध, इतक्यावरही मूर्ती देखणी दिसते, असे माझे मत आहे. शाडूचीही मूर्ती तळ्यात सोडू नका. ती काही तासांत विरघळते हे खरे, पण हजार मूर्तींची माती म्हणजे ट्रकभर गाळ. उत्तरपूजा झाली की घरीच बादलीत विसर्जन करा. दुसऱ्या दिवशी वरचे पाणी झाडांना द्या, खालची माती सुकवून ठेवा किंवा मूर्तिकाराला परत करा. तो ती पुन्हा वापरतो.

ज्यांची प्लास्टरची मूर्ती आधीच ठरून गेली आहे, त्यांनी निराश व्हायचे कारण नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक साधी रीत दिली आहे आणि पुणे महापालिकेने त्यासाठी लागणारी पावडर लोकांना फुकट वाटली आहे. ती पावडर म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट, बेकरीत बिस्किटे फुगवायला वापरतात तीच. मूर्तीचे वजन करा आणि तेवढ्याच वजनाची पावडर घ्या. दोन किलोच्या मूर्तीला दोन किलो पावडर आणि वीस लिटर पाणी. मोठे प्लास्टिकचे पिंप घ्या, धातूचे नको. ते अंगणात किंवा गच्चीवर ठेवा, कारण अमोनियाचा उग्र दर्प येतो. बंद न्हाणीघरात हा प्रयोग करू नका आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

मूर्ती अशी ठेवा की पाणी तिच्या पोकळीत शिरेल. बाहेरून तैलरंगाचे कवच असते, आतून मूर्ती कोरी असते, त्यामुळे क्रिया आतून जोरात होते. थोड्या वेळात बुडबुडे येतील. दर दोन-तीन तासांनी लाकडी काठीने ढवळा. हे ढवळणे टाळले तर मूर्तीवर खडूचा थर बसतो आणि आतले प्लास्टर तसेच राहते. बहुतेकांचा प्रयोग फसतो तो इथेच. दोन दिवसांत बुडबुडे थांबले आणि तळाशी पांढरा साका बसला की काम झाले. अजून टणक ढेकूळ हाताला लागत असेल तर काठीने फोडा आणि आणखी एक दिवस ठेवा.

आता पिंपात तीन गोष्टी आहेत. रंगाचे पापुद्रे फडक्याने गाळून काढा; ते मातीत किंवा ओल्या कचऱ्यात नकोत, वेगळे बांधून घातक कचऱ्यात द्या. तळाचा साका म्हणजे खडू, सुमारे सव्वा किलो. उरलेल्या पाण्यात जवळजवळ दीड किलो अमोनियम सल्फेट आहे. ते खतच आहे, पण इतके तीव्र की कुंडीत तसेच ओतले तर झाड जळेल. दहापट पाणी मिसळून मोठ्या झाडांना किंवा शेतात थोडे थोडे द्या. हे पाणी तळ्यात, ओढ्यात किंवा गटारात मात्र ओतू नका, अमोनियाने मासे मरतात.

ही रीत घरगुती मूर्तीपुरती आहे. मंडळाच्या दहा फुटी मूर्तीला शेकडो किलो पावडर लागेल, तो वेडेपणा ठरेल. मंडळांनी मोठी मूर्ती कायमची ठेवावी आणि विसर्जन हातभर शाडूच्या मूर्तीचे करावे. पुण्यातल्या जुन्या मंडळांत ही पद्धत आहे आणि त्यांच्या मिरवणुकीची शोभा कमी झाल्याचे कोणी म्हणत नाही.

कायद्याचे थोडक्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्ती नकोत अशी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. पुढे जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींना कृत्रिम हौद सक्तीचे झाले आणि त्याहून मोठ्यांना त्या हंगामापुरती सवलत मिळाली. म्हणजे प्लास्टरची मूर्ती दुकानात रीतसर विकत मिळते आणि विसर्जनाचा प्रश्न आपल्या दारात येऊन पडतो. कृत्रिम हौदही नुसता बांधून भागत नाही. हौदातले पाणी रात्री नाल्यात सोडले आणि मूर्ती ट्रकने गावाबाहेरच्या खाणीत ओतल्या, तर केवळ जागा बदलली.

म्हणून पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला या. गणपती त्यानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत येतात आणि ठराव करायला तोच शेवटचा मुहूर्त असतो. ठरावात चार वाक्ये पुरेत: तळ्यात एकही मूर्ती आणि निर्माल्य जाणार नाही, शाडूसाठी एक आणि प्लास्टरसाठी एक असे दोन वेगळे हौद ग्रामपंचायत तयार करील, प्लास्टरच्या मूर्ती हौदातून काढल्यावर कुठे जातील ते आधी लिहून ठेवले जाईल, अमोनियम बायकार्बोनेटची पोती मूर्तींची संख्या आणि वजन धरून आधीच मागवली जातील. नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर हाच मजकूर अर्जावर लिहून मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. आणि मूर्ती अजून ठरवली नसेल, तर या आठवड्यात मूर्तिकाराकडे जाऊन शाडूच्या मूर्तीचे आगाऊ पैसे देऊन या. त्याला ती भरायला आणि सुकवायला दिवस लागतात.