डीपीतला अवतार छान झालाय, पण तो तुम्हीच आहात ना?



गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या एका सहकारी बाईंनी सहावीच्या पालकांच्या ग्रुपवर डीपीला नवा अवतार लावला. मोबाईलमधल्या कुठल्याशा ॲपने क्षणात करून दिलेला. पहिल्या पालकसभेला एक आई त्यांच्याच टेबलासमोर उभी राहून त्यांनाच विचारते, "वर्गशिक्षिका बाई कुठे बसतात हो?" सगळे हसले, बाईही हसल्या. पण चित्र नीट पाहिलं तर त्या आईचं काय चुकलं? बाई बावन्न वर्षांच्या, सावळ्या, चष्मा लावणाऱ्या. डीपीतली बाई तिशीची, गोरीपान, चष्मा गायब, हनुवटी टोकदार.

अवतार लावूच नये असं मी म्हणणार नाही. शंभर अनोळखी नंबरांच्या ग्रुपवर आपला फोटो नको, असं अनेक शिक्षिकांना वाटतं आणि ते रास्तच आहे. पण डीपीचं काम ओळख पटवणं. ती पटत नसेल तर गुलाबाचं फूल लावलेलं बरं, निदान ते कुणाची फसवणूक तरी करत नाही. म्हणून आम्ही दोघींनी दोन ऑफ तासांत शाळेच्या संगणकावर, इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, तो अवतार पुन्हा बनवला. त्यात जे कळलं ते सांगते.

पहिली चूक फोटोतच होती. बाईंनी हात लांब न करता सेल्फी काढला होता, चेहऱ्यापासून जेमतेम ३० सेंटीमीटरवरून. गणिताच्या शिक्षकांना हे लगेच पटेल. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण १२ सेंटीमीटर पुढे असतं. म्हणजे कॅमेऱ्यापासून नाक ३० वर आणि कान ४२ वर. वस्तू जितकी जवळ तितकी मोठी दिसते, म्हणून कानांच्या मानाने नाक ४२ भागिले ३०, म्हणजे १.४ पट मोठं दिसतं. तोच फोटो दीड मीटरवरून काढला तर १६२ भागिले १५०, म्हणजे जेमतेम १.०८ पट. अशा सेल्फीवरून चित्र गिरवलं की नाक फुगीर, कान गायब आणि चेहरा निमुळता होतो. मग तो "सुधारायला" ॲप नाक बारीक करतं, आणि माणूस आणखी दूर जातो. तेव्हा फोटो दुसऱ्या कुणाकडून दीड-दोन मीटरवरून काढून घ्या. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला हवा आणि खिडकीचा उजेड एका बाजूने यावा, म्हणजे नाकाची आणि गालाची सावली स्पष्ट मिळते.

सेल्फीचा आणखी एक घोळ आहे. काही फोन पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा उलटा साठवतात. बाईंची चमकी डाव्या नाकपुडीत, चित्रात ती उजवीकडे गेली होती. भांगही उलटा. गंमत म्हणजे बाईंना ते खटकलंच नव्हतं, कारण त्या रोज स्वतःला आरशातच बघतात. आपण मात्र त्यांना समोरून बघतो. त्यामुळे "मला माझ्यासारखं वाटतंय" ही स्वतःची साक्ष या बाबतीत फारशी धरू नये.

नवा फोटो इंकस्केपमध्ये आणला, अर्धपारदर्शक केला आणि त्या लेयरला कुलूप लावलं. वर दुसरा लेयर घेऊन त्यावर पेनच्या साधनाने आकार गिरवले: आधी चेहऱ्याची कडा आणि मान, मग केस, मग भुवया, डोळे, नाक, ओठ. इथे खरा प्रश्न येतो तो काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा. शैलीदार चित्र म्हणजे मुळात सोडून देणंच. सुरकुती, पुटकुळी, विस्कटलेली बट सोडली तरी माणूस तोच राहतो. पण डोळ्यांमधलं अंतर, नाकाच्या खालून ओठांपर्यंतची जागा, कपाळाची उंची, जबड्याची कडा यांना हात लावायचा नाही. तिथे थोडं जरी सरकलं तरी बहीण दिसते, बाई नाही.

आणि भुवया. लोक डोळ्यांवर जीव टाकतात, मोठे करतात, पापण्या काढतात. पण प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंवर झालेल्या एका अभ्यासात डोळे पुसलेले चेहरे लोकांनी जितके ओळखले, त्यापेक्षा भुवया पुसलेले चेहरे कमी ओळखले. आमच्या बाईंच्या भुवया जाड, आणि डावी थोडी वर चढलेली. "काय रे, गृहपाठ कुठंय?" विचारताना ती आणखी चढते! ॲपने दोन्ही सारख्या कमानी करून टाकल्या होत्या. आम्ही डावी जशी आहे तशी काढली, आणि तिथेच चित्रात बाई आल्या. व्यंगचित्रकार हेच करतात. सगळ्यांसारखं काय आहे ते सोडतात आणि वेगळं काय आहे ते पकडतात. फरक इतकाच की ते वेगळेपण ताणतात, आपण ते नुसतं जपायचं.

दातांच्या बाबतीत आम्हीही फसलो. प्रत्येक दाताची रेघ काढली तर हसू भयंकर दिसायला लागलं. शेवटी सगळ्या दातांची एकच पांढरी पट्टी ठेवली आणि पुढच्या दोन दातांमधल्या फटीची एक छोटी रेघ, कारण ती फट बाईंची आहे.

आता रंग. इथे मी जरा स्पष्टच बोलते. बाई म्हणाल्या, "थोडं उजळ कर गं." मी नाही म्हटलं. सातवीतली सावळी मुलगी आपल्या बाईंचा डीपी बघते तेव्हा त्यातून ती काय शिकते, हा प्रश्न कलेचा नाही, शाळेचा आहे. रंग उचलण्याच्या साधनाने आम्ही गालाचा मधला रंग घेतला, कपाळाचा नाही, कारण तिथे चकाकी असते. सावलीसाठी त्यात काळा मिसळला नाही, त्याने त्वचा मळकट, राखाडी होते. तोच रंग थोडा गडद आणि किंचित तांबूस केला. मूळ रंग, सावली आणि कपाळा-नाकावर एक उजळ डाग, एवढ्या तीन छटा पुरल्या. चष्मा परत आला, कानाजवळची पांढरी बटही आली. ती बट ठेवायची की नाही यावर मात्र दहा मिनिटं वाद झाला, आणि तो मी जिंकले.

शेवटी ८०० बाय ८०० चं चित्र काढलं, मागे एकच फिका निळा रंग. व्हॉट्सॲप चौकोनाचा गोल करतं, म्हणून कोपऱ्यांत काही ठेवायचं नाही आणि चेहरा उंचीच्या साधारण दोन तृतीयांश ठेवायचा. मग तेच चित्र ४८ पिक्सेलचं करून पाहिलं, कारण चॅटच्या यादीत ते नखाएवढंच दिसतं. दातांची फट दिसेनाशी झाली, चमकी एक ठिपका झाली, पण भुवया, चष्मा आणि केसांची कडा टिकली. चष्म्याची काडी तेवढी पुसट होत होती, ती जाड केली.

परीक्षा घेतली ती शिपाईमामांची. नाव न सांगता मोबाईल पुढे धरला आणि विचारलं, "हे कोण?" "कुणासारखं दिसतंय का?" असं विचारू नका, माणसं भिडेखातर हो म्हणतात. मामांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "आपल्या बाई. कुणावर तरी चिडल्यात वाटतं."

बाईंना ते मुळीच आवडलं नाही. डीपी मात्र अजून तोच आहे. अर्थात परीक्षेचे फॉर्म, ओळखपत्र, सेवापुस्तक यांना असला अवतार चालत नाही, तिथे साधा फोटोच द्या. आणि चष्म्याची फ्रेम बदलली की चित्रातलीही बदला. मूळ फाईल जपून ठेवली असेल तर ते पाच मिनिटांचं काम आहे.