दुर्मिळता एक, रूपे तीन : साखरेच्या निमित्ताने

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे पहिले पान ‘दुर्मिळता’ या शब्दाने सुरू होते. व्यवहारात हा शब्द ‘टंचाई’ या अर्थाने वापरला जातो. पण दोहोंत मोठे अंतर आहे. बाजारात माल मिळेनासा झाला की ती टंचाई. दुर्मिळता मात्र गोदामे तुडुंब भरलेली असतानाही असतेच. एका एकरात ऊस उभा राहिला की त्या एकरात, त्या पाण्यावर दुसरे पीक घेता येत नाही. एक टन ऊस साखर कारखान्याकडे गेला की तो गुऱ्हाळाकडे जात नाही. साधने मोजकी आणि त्यांचे उपयोग अनेक. म्हणून निवड अटळ. या निवडीच्या सक्तीलाच अर्थशास्त्र दुर्मिळता म्हणते.

या सक्तीतून प्रत्येक समाजापुढे तीन प्रश्न उभे राहतात. कोणत्या वस्तू किती प्रमाणात उत्पादित करायच्या? त्या कोणत्या पद्धतीने उत्पादित करायच्या? आणि तयार झालेला माल कोणाच्या वाट्याला जायचा? बाजारप्रधान, आदेशप्रधान आणि मिश्र या तिन्ही अर्थव्यवस्थांना याच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. कोणतीही व्यवस्था दुर्मिळता नाहीशी करत नाही, केवळ तिचे रूप बदलते. हे पाहण्यासाठी किराणा व्यापाराच्या नित्य परिचयाची साखर ही एकच वस्तू पुरेशी आहे.

आदेशाची साखर : रांग

सोव्हिएत संघात या तीन प्रश्नांची उत्तरे ‘गॉसप्लान’ या राज्य नियोजन समितीच्या चौकटीत ठरत. किती बीट पिकवायचे, कोणत्या कारखान्याने किती साखर काढायची, कोणत्या प्रजासत्ताकाला किती पाठवायची याचे आकडे आधी निश्चित होत. किरकोळ भावही सरकारच ठरवी आणि तो वर्षानुवर्षे स्थिर राही.

मे 1985 मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या राजवटीने मद्यपानाविरुद्ध मोहीम उघडली. मद्याचे उत्पादन कमी केले, दुकाने आणि विक्रीचे तास घटवले. परिणामी लोक घरच्या घरी दारू गाळू लागले आणि त्यासाठी साखर विकत घेऊ लागले. मागणी अचानक वाढली. बाजारव्यवस्थेत अशा वेळी भाव चढला असता. काही ग्राहकांनी खरेदी आवरती घेतली असती आणि वाढीव भावाने जादा माल खेचून आणला असता. येथे भाव जागचा हलला नाही, म्हणून माल मात्र दुकानांतून नाहीसा झाला. 1988-89 पर्यंत अनेक शहरांत साखरेसाठी कुपने सुरू करावी लागली.

या घटनेत कोणा अधिकाऱ्याचा आळस शोधण्याचे कारण नाही. आकडे ठरवणाऱ्या कार्यालयाला घराघरांतील बदललेली गरज कळण्याचा मार्गच नव्हता. भाव हा जसा खर्च असतो तसा तो निरोपही असतो, आणि हा निरोप आदेशप्रधान व्यवस्थेत बंद असतो. कुपनामुळे उपलब्ध साखर तुलनेने समान वाटली गेली, ही त्या व्यवस्थेची जमेची बाजू होय. पण ग्राहकाने दिलेली खरी किंमत पावतीवर दिसत नाही. ती रांगेत घालवलेल्या तासांत आणि ओळखीपाळखीत भरली जाते.

बाजाराचा गूळ : भाव

बाजारव्यवस्थेचे चित्र साखरेपेक्षा गुळात अधिक स्वच्छ दिसते. कारण भारतात साखरेवर नियंत्रणे असताना गूळ बहुतांशी मोकळा राहिला. 1966-67 च्या हंगामात अवर्षणामुळे उसाचे पीक बुडाले. साखरेचा भाव सरकारच्या हाती होता, त्यामुळे कारखाने उसाला एका मर्यादेपलीकडे दर देऊ शकत नव्हते. गूळ आणि खांडसरीचा भाव मात्र चढत गेला आणि गुऱ्हाळवाले उसाला जादा दर मोजू लागले. ऊस साहजिकच तिकडे वळला. 1965-66 मध्ये सुमारे 35 लाख टन असलेले साखर उत्पादन 1966-67 मध्ये साडेएकवीस लाख टनांच्या घरात आले.

कोणीही आदेश न देता तिन्ही प्रश्नांची उत्तरे येथे मिळाली. काय उत्पादित करायचे? ज्याला भाव आहे तो गूळ. कसे? गुऱ्हाळात. कोणासाठी? जो तो भाव देऊ शकेल त्याच्यासाठी. या शेवटच्या उत्तरातच बाजारव्यवस्थेची पहिली मर्यादा आहे. बाजार गरज मोजत नाही, क्रयशक्ती मोजतो.

दुसरी मर्यादा काळाची आहे. सुरू हंगामातील ऊस साधारण 12 महिन्यांनी तुटतो, तर आडसाली ऊस 16 ते 18 महिने शेतात राहतो आणि त्यानंतर त्याचा खोडवाही घेतला जातो. आज भाव चढला म्हणून लावलेला ऊस बाजारात पोहोचेपर्यंत परिस्थिती पालटलेली असते. सर्वांनी एकाच वेळी लागवड वाढवली की भाव कोसळतो, आणि सर्वांनी एकाच वेळी मोडली की पुन्हा चढतो. बाजाराचा निरोप खरा असतो, पण तो उशिरा पोहोचतो.

मिश्र व्यवस्थेची साखर : दोन भाव

1966-67 च्या अनुभवानंतर, 1967 च्या अखेरीस केंद्र सरकारने अंशतः नियंत्रणाचे धोरण स्वीकारले. कारखान्याच्या उत्पादनापैकी 60 टक्के साखर सरकार ठरलेल्या भावाने घेणार, हीच लेव्ही साखर. ती शिधावाटप दुकानांतून स्वस्तात विकली जाई. उरलेली 40 टक्के खुल्या बाजारात विकायची. पण ‘खुली’ साखर म्हणजे मनाला येईल तेव्हा विकायची साखर नव्हे. दर महिन्याला किती साखर बाजारात सोडायची याचा कोटाही सरकारच देत असे.

ही व्यवस्था कशी चालली हे सोयीसाठी घेतलेल्या आकड्यांनी पाहता येते. समजा, एका क्विंटल साखरेचा उत्पादनखर्च 300 रुपये आहे आणि लेव्हीचा भाव 240 रुपये. शंभर क्विंटलचा एकूण खर्च 30,000 रुपये. त्यातील 60 क्विंटल लेव्हीत गेल्यावर 14,400 रुपये हाती येतात. उरलेले 15,600 रुपये 40 क्विंटल खुल्या साखरेतून निघायचे असतील, तर ती 390 रुपये क्विंटलने विकली गेली पाहिजे. तेवढा भाव मिळाला तरच कारखाना ना नफा ना तोटा या रेषेवर राहतो.

म्हणजे शिधापत्रिकेवरील ग्राहकाला मिळालेले 60 रुपयांचे साहाय्य सरकारी तिजोरीतून आलेले नव्हते. मिठाईवाला, शीतपेयांचा उत्पादक आणि खुल्या बाजारातून साखर घेणारे सामान्य कुटुंब यांनी ते क्विंटलमागे 90 रुपये जादा मोजून भरले होते. हा करच होता. फक्त त्याची पावती कोणाला मिळत नव्हती. लेव्हीचा वाटा वाढला की हा अदृश्य कर झपाट्याने वाढतो. वरच्याच हिशेबात 65 टक्के लेव्ही धरली तर खुल्या साखरेचा भाव सुमारे 411 रुपये व्हावा लागतो.

एकाच मालाला दोन भाव असले की स्वस्त माल महागाकडे वाहू लागतो. शिध्याची साखर मागच्या दाराने बाहेर पडते आणि कार्डधारकाला ‘माल आलेला नाही’ असे उत्तर मिळते. गळतीचा मोह दोन भावांतील अंतराच्या प्रमाणात वाढतो. तपासनीस वाढवून तो थोडाफार रोखता येतो, पण अंतर घटल्याशिवाय संपत नाही.

नियंत्रण उठले, नियंत्रण आले

ऑगस्ट 1978 मध्ये नियंत्रण संपूर्णपणे उठवण्यात आले. आधीच्या 1977-78 च्या हंगामात सुमारे 64 लाख टन साखर झाली होती. एवढा साठा मोकळा सुटताच भाव घसरले, कारखान्यांची उसाची देणी थकली आणि शेतकऱ्यांचा उसावरील भरवसा उडाला. त्यात 1979 चे अवर्षण आले. 1979-80 मध्ये उत्पादन 39 लाख टनांच्या आसपास उतरले. भाव भडकले आणि डिसेंबर 1979 मध्ये अंशतः नियंत्रण परत आले, या वेळी 65 टक्के लेव्हीसह.

‘मोकळा बाजार अपयशी ठरला’ असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. साठा विक्रमी असताना, एका दिवसात आणि उसाच्या दराची दुसरी कोणतीही सोय न करता नियंत्रण उठले होते. पुढच्या वेळी सावकाशी पाळली गेली. लेव्हीचा वाटा टप्प्याटप्प्याने उतरवत 2002 मध्ये 10 टक्क्यांवर आणला गेला. त्यानंतर, रंगराजन समितीच्या 2012 मधील अहवालाला अनुसरून, एप्रिल 2013 मध्ये लेव्ही रद्द झाली आणि मासिक विक्री कोटाही थांबला. राज्यांनी शिध्यासाठी साखर बाजारातून घ्यावी आणि केंद्राने किलोमागे 18.50 रुपये द्यावेत, अशी व्यवस्था झाली. साहाय्य तेच, पण ते आता अर्थसंकल्पात दिसू लागले. खर्च लपलेला असतो तोवर त्यावर चर्चा होत नाही, म्हणून हा बदल महत्त्वाचा.

आजचा हिशेब

मिश्र व्यवस्था मात्र तेथे संपली नाही. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, केंद्र सरकार ठरवते. साखरेचे भाव कोसळल्यावर जून 2018 मध्ये मासिक कोटा परत आला आणि कारखान्यांसाठी किमान विक्री किंमत किलोला 29 रुपये ठरली. फेब्रुवारी 2019 मध्ये ती 31 रुपये झाली.

2018-19 मध्ये एफआरपी क्विंटलला 275 रुपये होता, 10 टक्के उताऱ्यासाठी. म्हणजे एक किलो साखरेमागे उसाचाच खर्च साडेसत्तावीस रुपये. 2024-25 मध्ये तो 340 रुपये झाला, 10.25 टक्के उताऱ्यासाठी. किलोमागे सुमारे 33 रुपये. किमान विक्री किंमत मात्र त्याही हंगामात 31 रुपयेच होती. गाळप, पगार आणि व्याज धरण्यापूर्वीच केवळ उसाचा खर्च तिच्यापुढे गेला. बगॅस, मळी आणि इथेनॉल यांचे उत्पन्न थोडी भरपाई करते. तरीही कच्च्या मालाचा भाव आदेशाने चढत जावा आणि पक्क्या मालाचा आधारभाव जागीच राहावा, ही रचना बाजारभाव उतरताच ताणली जाते. तो ताण प्रथम शेतकऱ्याच्या थकीत बिलात उमटतो.

म्हणून व्यवस्थेचे नाव काय आहे यापेक्षा दुर्मिळतेची किंमत कोठे वसूल होते आहे, हे पाहणे उपयोगाचे. भाव चढला असेल तर ती ग्राहकाच्या खिशातून जाते. भाव स्थिर आहे पण माल नाही, तर ती रांगेतून जाते. एकाच मालाला दोन भाव असतील, तर महाग भाव देणारा ती भरत असतो. आणि भावही शांत, मालही मुबलक, पण कोणाचे तरी देणे महिनोन्महिने थकलेले असेल, तर ती तेथे साठत असते. पुढच्या हंगामात लागवड घटली की तीच पुन्हा भावाच्या रूपाने बाजारात येते.