अरबीत बाटलीवरचा आकडा

समजा, कोल्हापुरात घेतलेल्या इन्सुलिनच्या बाटलीचा फोटो मस्कतमध्ये एका मधुमेही आजोबांना सांभाळणाऱ्या मुलीला पाठवला. लेबलवर इंग्रजीत २ ते ८ अंश सेल्सिअस आणि ‘गोठवू नका’ असं छापलेलं असतं. हे तिच्यासाठी अरबीत उतरवताना ‘२-८’ असं आडव्या रेघेनं लिहू नये. उजवीकडून डावीकडच्या मजकुरात आकड्यांची जागा उलटून दिसू शकते. त्यापेक्षा ‘मिन २ इला ८’ असं शब्दांनी जोडलेलं बरं. अरबी अंकांत लिहायचं तर आणखी जपावं: सात उघड्या तोंडाचा, आठ त्याचाच पालथा आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. ‘ला युजम्मद’, म्हणजे ‘गोठवू नये’, एवढ्यावर मात्र थांबू नये. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला ठीक असलं तरी निकामी झालेलं असू शकतं. म्हणून ‘फ्रीझरला चिकटवून ठेवू नका, गोठलं तर टाकून द्या’ हेही लिहावं. उघडल्यानंतरची मुदत ब्रँडनुसार बदलते, ती अंदाजानं भरू नये. आणि फोटोत चमक येऊन मुदतीची तारीख पुसट दिसत असेल, तर भाषांतर थांबवून दुसरा फोटो मागवावा.