दोनास एकाचा भ्रम

कापडाच्या एका घाऊक पेढीचे मालक संभ्रमात होते. वर्षाला २४० लाखांची विक्री, नफाही बरा. तरी बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा सदैव भरलेली. चिरंजीवांना दुसऱ्या दुकानासाठी नवे कर्ज हवे होते. त्यांनी ताळेबंद सल्लागारांकडे पाठवला. ‘सादर जय जिनेंद्र’ने आरंभलेल्या उत्तरपत्राचा आशय असा होता.

३१ मार्च रोजी पेढीकडे ८० लाखांचा माल, ४८ लाखांची येणे उधारी आणि ४ लाखांची रोकड होती. देणे ६६ लाख : व्यापाऱ्यांचे ४० आणि बँकेचे २६. १३२ लाखांस ६६ लाखांनी भागले की चालू गुणोत्तर २ येते. या आकड्यानेच मालक निश्चिंत झाले होते. पण माल वगळला, तर ६६ लाखांच्या देण्यापुढे ५२ लाखच उरतात. त्वरित गुणोत्तर ०.७९ होते. म्हणजे पेढीची सुस्थिती माल विकला जाण्यावरच अवलंबून होती.

तो किती दिवसांनी विकला जातो? विकलेल्या मालाची वर्षाची खरेदी किंमत २०० लाख. त्या हिशेबाने ८० लाखांचा माल १४६ दिवस पडून राहतो. उधारी ७३ दिवसांत वसूल होते आणि व्यापाऱ्यांचे देणेही ७३ दिवसांतच फिटते. तेव्हा दोष वसुलीपेक्षा गोदामात अधिक आहे.

येथे सल्लागारांनी एक सावधगिरी सांगितली. लग्नसराईपूर्वी मार्चअखेर माल वाढतोच. एका दिवसाच्या ताळेबंदावरून निर्णय घेऊ नये. म्हणून त्यांनी बारा महिन्यांच्या अखेरच्या शिलकी आणि प्रत्येक गाठोड्याच्या खरेदीची तारीख मागवली. सरासरीही ८० लाखांच्या जवळच निघाली, आणि २२ लाखांचा माल वर्षाहून जुना ठरला.

पुढील पावले त्यांनी क्रमाने लिहिली. जुना माल मिळेल त्या रास्त भावाने काढावा. १४ लाख आले, तर ८ लाखांचा तोटा दिसेल. परंतु तो तोटा आधीच झालेला आहे, वहीत मात्र मांडलेला नाही. आलेली रक्कम नव्या खरेदीत न घालता थेट बँकेत भरावी. देणे ५२ लाखांवर येईल, त्वरित गुणोत्तर १ होईल आणि दहा टक्के दराने वर्षाचे १ लाख ४० हजार व्याज वाचेल. त्यानंतर दर महिन्यास मालाची वयवार यादी करावी आणि ज्या जातीचा माल सहा महिन्यांत हलला नाही, त्याची फेरखरेदी थांबवावी.

नव्या दुकानाच्या कर्जाबद्दल शेवटी दोनच वाक्ये होती. सलग दोन तिमाहींत माल १०० दिवसांच्या आत विकला गेला, तर अर्ज करावा. तोवर दुसरे दुकान म्हणजे न विकलेल्या मालासाठी दुसरे गोदाम ठरेल.